फळ्यावर नाव की वर्गसभा? वर्गशिस्तीतल्या या चुका टाळा

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘बडबड करणारे’ अशी यादी, खाली सात-आठ नावं, दोघांच्या नावापुढे फुल्या. ही यादी मॉनिटरने केलेली असते आणि सर किंवा बाई वर्गात आल्या की ती वाचून दाखवली जाते. नाशिकच्या मनपा शाळांपासून दिंडोरी-निफाडच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही सिद्धांत असेल असं कुणाला वाटत नाही. फळ्यावर नाव आणि त्यापुढे खूण ही अमेरिकेतल्या ली आणि मार्लिन कँटर या दांपत्याने 1976 मध्ये मांडलेल्या ‘ठाम शिस्ती’ची सर्वांत ओळखीची खूण होती. आपल्याकडची यादी तिथून आली असं नाही, पण सगळ्यांसमोर नाव मांडायची चूक दोन्हींत एकच आहे.

दुसऱ्या बाजूला लोकशाही पद्धत आहे. व्हिएन्नात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी तिचा पाया घातला. वर्गसभा, मुलांनी मिळून केलेले नियम, आपला वर्ग म्हणून एकत्र येणं हे सगळं याच दिशेचं. दोन्ही पद्धती कानावर पडल्या की बरेच शिक्षक दोन्हींतलं सोपं तेवढं उचलतात. खरी गडबड तिथे सुरू होते, कारण मूल असं का वागतं या प्रश्नाला दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. कँटर म्हणतात, मर्यादा स्पष्ट नाही म्हणून. ड्रायकर्स म्हणतात, वर्गात आपली जागा मिळवायचा त्याने चुकीचा रस्ता धरला म्हणून.

चूक पहिली: ठाम शिस्त म्हणजे नावांची यादी असं समजणं

कँटर यांच्या पद्धतीत नियम तीन ते पाच असतात आणि प्रत्येक नियम डोळ्यांना दिसेल असा असतो. ‘शिस्तीत वागा’ हा नियम होत नाही. ‘बोलायचं असेल तर हात वर करा’ हा होतो. त्यानंतर पायऱ्या येतात. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा तास संपल्यावर दोन मिनिटं थांबणं, तिसऱ्यांदा जागा बदलणं, मग पालकांना निरोप, शेवटी मुख्याध्यापक. या पायऱ्या मुलांना आधीच माहीत असतात, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी होते. कालचं आज मोजायचं नाही. मारामारीसारख्या गंभीर प्रकारात मात्र थेट शेवटच्या पायरीवर जाता येतं. या सगळ्याइतकाच वजनाचा भाग म्हणजे जो मुलगा नियम पाळतो त्याला ते सांगणं: “सानिका, वही काढून तयार आहेस, छान.”

मॉनिटरच्या यादीत यातलं काहीच उरत नाही. ताकीद नाही, पायऱ्या ठरलेल्या नाहीत, कौतुक तर नाहीच. शिवाय अधिकार दुसऱ्या मुलाच्या हातात जातो. मॉनिटरचा जिगरी दोस्त यादीत कधी दिसत नाही आणि हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं. तिकडेही जाहीर नावांवर बरीच टीका झाली, आणि पुढे कँटर यांनी फळ्याऐवजी शिक्षकाने स्वतःजवळच्या कागदावर नोंद ठेवावी असं सुचवलं. पायऱ्या वापरायच्या असतील तर हजेरीपटाजवळ एक कागद ठेवा आणि खूण स्वतः करा. ज्याची खूण केली त्याला जवळ जाऊन हळू आवाजात सांगा.

आणखी एक बाब, जी आपल्याकडे विसरून चालत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. अंगठे धरायला लावणं किंवा वर्गासमोर मानहानी करणं अशा पायऱ्या ठाम शिस्तीच्या नावाखाली घालता येत नाहीत.

चूक दुसरी: चढाओढीत तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणं

कँटर यांनी शिक्षकाला एक तंत्र दिलं: मुलाने कितीही फाटे फोडले तरी आपली मागणी शांतपणे त्याच शब्दांत, फार तर तीन वेळा सांगायची. वाद टाळणाऱ्या मुलावर ते चालतं. सगळ्यांवर चालत नाही, आणि कुणावर चालणार नाही हे ओळखायला ड्रायकर्स कामाला येतात.

त्यांच्या मते चुकीच्या वागण्यामागे चार हेतू असतात: लक्ष वेधणं, सत्ता गाजवणं, सूड घेणं आणि ‘मला जमत नाही’ असं दाखवून अंग काढणं. हेतू ओळखायची किल्ली मात्र शिक्षकाच्याच मनात असते. नुसती कटकट वाटली तर लक्ष हवं आहे. ‘हा मला शिकवणार का?’ असा राग आला तर सत्तेची ओढाताण आहे. मनाला लागलं तर सूड. हात टेकावेसे वाटले तर मूल हरलं आहे.

समजा सातपूरच्या एका शाळेत सातवीचा गणिताचा तास चालू आहे. रोहनने पुस्तक काढलेलं नाही.

“रोहन, पुस्तक काढ.”

“नाही आणलं.”

“बाजूच्याच्या पुस्तकात बघ.”

“मला नाही बघायचं, सर.”

इथे मागचे दोन बाक हसतात आणि सरांचे कान तापतात. हा सत्तेचा प्रसंग आहे. याच वेळी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं की 50 मुलांसमोर एकाला हरावं लागतं, आणि रोहन हरायला तयार नसतो. अशा वेळी मर्यादा एकदाच सांगा, दोन पर्याय द्या आणि तिथून हला: “बाजूला बघून सोडव, नाहीतर मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून ही तीन गणितं सोडव. तू ठरव.” मग पाठ फिरवून पुढचं उदाहरण सुरू करायचं. थांबून त्याच्याकडे बघत राहिलात तर पर्याय नुसता नावाला उरतो. सुट्टीत दोन-तीन मिनिटं एकट्याशी बोलताना “का केलंस?” हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर ‘असंच’ एवढंच येतं. त्याऐवजी अंदाज मांडा: “मी सांगेन तेच करायचं, हे तुला आवडत नाही, असं असेल का?” अंदाज बरोबर असला की बहुतेक वेळा ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. ड्रायकर्स यांनी या हसण्याला मुद्दाम महत्त्व दिलं आहे.

लक्ष वेधणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र फळ्यावरचं नाव हेच बक्षीस ठरतं. ज्याचं नाव रोज येतं, त्याचं नाव येणं थांबवून बघा.

चूक तिसरी: शिक्षेलाच ‘तार्किक परिणाम’ म्हणणं

लोकशाही पद्धतीत शिक्षा नाही, परिणाम आहे. म्हणून काही शिक्षकांनी फक्त शब्द बदलला. कागदाचे बोळे फेकणाऱ्याने ‘मी गोंधळ करणार नाही’ हे 100 वेळा लिहिणं ही शिक्षाच आहे, कारण बोळ्यांशी त्याचा काही संबंध नाही. त्याने स्वतःचे बोळे उचलणं हा परिणाम. सगळ्या शाळेचं मैदान झाडायला लावलं की ती परत शिक्षा झाली, कारण प्रमाण सुटलं. ‘सकारात्मक शिस्त’ मांडणाऱ्या जेन नेल्सन यांची कसोटी इथे पुरते: कृतीशी संबंध हवा, आदर हवा आणि प्रमाण वाजवी हवं. आवाजात ‘आता भोग’ असा सूर आला तरी आदर गेला.

अमेरिकी शिक्षणलेखक आल्फी कोन यांनी 1996 मध्ये यापुढचा आक्षेप घेतला. अशा बऱ्याच परिणामांना ते सौम्य केलेली शिक्षाच मानतात, आणि मुलांवर काम लादण्याआधी ते काम करण्याजोगं आहे का हे तपासा म्हणतात. आक्षेप बोचरा आहे, पण 55 मुलांच्या वर्गात रोज प्रत्येक वेळी तेवढं खोलात जाणं जमत नाही. मात्र एकच नियम सगळा वर्ग मोडतो आहे असं दिसलं, तर कोन यांचा प्रश्न आधी विचारावा.

चूक चौथी: वर्गसभेचं कोर्ट होणं

ही सर्वांत महागात पडते. सभेत एका मुलाचं नाव घेतलं जातं, तक्रारींचा पाऊस पडतो, मग त्याला काय करायचं यावर मतदान होतं. बहुमताने ठरलेला अपमानही अपमानच असतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी 1969 मध्ये वर्गसभा मांडली तेव्हाच सांगितलं होतं की सभेत निवाडा करायचा नाही, उपाय शोधायचा.

दिंडोरी तालुक्यातलं उदाहरण घेऊ. मार्च महिना, सकाळची शाळा साडेसातची, सहावीत 44 मुलं. रोज नऊ-दहा जण उशिरा येतात. पायऱ्यांच्या पद्धतीत रोज फक्त ताकीद मिळते, आणि पालकांना निरोप धाडला तरी काही बदलत नाही. आई-बाप पहाटेच द्राक्षबागेत गेलेले असतात, आणि धाकट्याला अंगणवाडी उघडेपर्यंत सांभाळायचं काम सहावीतल्या ताईकडे असतं. मर्यादा स्पष्ट आहे, अडचण दुसरीकडे आहे.

सभा अशी घेता येते. आदल्या दिवशी वहीत विषय लिहा: ‘साडेसातला सगळे वर्गात कसे येतील?’ कुणाचंही नाव नको. 44 मुलांचं एक गोल करणं अवघड, म्हणून सात-सातचे सहा गट करा, उरलेले दोघं नोंद ठेवतील. सुरुवातीची चार मिनिटं एकमेकांच्या मदतीबद्दल आभार. नंतर सहा मिनिटं गटात कारणं आणि प्रत्येक गटाचे दोन उपाय. बारा उपाय फळ्यावर आले की त्यातले अपमान करणारे आणि आपल्या हातात नसलेले पुसा. उरलेल्यांतला उपाय उशीर होणाऱ्या मुलांनीच निवडावा. समजा त्यांनी ठरवलं की शेजारच्या दोन घरांनी आळीपाळीने धाकट्यांना सांभाळायचं, आणि ज्याची पाळी असेल त्याचा पहिल्या तासाचा अभ्यास जोडीदाराने लिहून ठेवायचा. मग आठवडाभर करून बघायचं आणि पुढच्या शनिवारी पाच मिनिटांत हिशेब. पहिल्याच आठवड्यात उशीर शून्यावर आला पाहिजे हा आग्रह सोडा, नऊचे पाच झाले तरी उपाय चालू ठेवा.

सभेत काय ठरवता येणार नाही हे आधीच सांगा. मारणं, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणं, कुणाची वस्तू न विचारता घेणं यांवर चर्चा नाही, तिथे शिक्षकाचा शब्द शेवटचा. मनात निर्णय पक्का असेल तर सभा घेऊच नका. मुलांना दोन सभांतच कळतं की बाईंना हवं तेच ठरतं, आणि तिसऱ्या सभेला हात वर होत नाहीत.

चूक पाचवी: परिपाठ आहे, मग वेगळं काय करायचं?

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. परिपाठ शाळेचा असतो आणि त्यात बहुतेक मुलं फक्त ऐकतात. वर्गाची सकाळची बैठक वेगळी: एकमेकांना नावाने नमस्कार, दोघा-तिघांनी काही सांगणं, एक छोटा खेळ, आजच्या दिवसाचा निरोप. पूर्ण स्वरूपात ती 20 ते 30 मिनिटं घेते. 35 मिनिटांच्या तासिका असलेल्या शाळेत रोज तेवढा वेळ निघत नाही, तेव्हा हजेरीच्या वेळातच नमस्कार आणि एकाचं सांगणं एवढं बसवा. ‘हजर’ऐवजी प्रत्येकाने मागच्याचं नाव घेऊन नमस्कार केला तर हजेरीही होते.

दोन्ही पद्धती एकत्र वापरायच्या तर विभागणी वेळेवर करावी. तास चालू असताना मर्यादा ठामपणे, थोडक्यात, कमी लोकांसमोर सांगायची. कारण शोधणं आणि नियम बदलणं तास संपल्यावर किंवा सभेत. उलट झालं की फसतं: चालू तासात कारणांची चर्चा केली तर 49 मुलं रिकामी बसतात, आणि सभेत पायऱ्या लावल्या तर कुणी खरं बोलत नाही. काय चाललंय ते बदली शिक्षकाच्या तासाला कळतं. तुम्ही नसताना वर्ग पार सुटत असेल तर मुलं तुमच्या कागदावरच्या खुणेला घाबरत होती, नियम त्यांचा झाला नव्हता. आणि तुम्ही असतानाही रोज दहा मिनिटं वर्ग बसवण्यात जात असतील, तर सभा वाढवण्याआधी तीन नियम स्पष्ट लिहून भिंतीवर लावा, आणि पहिले दोन आठवडे रोज तासाच्या सुरुवातीला ते करून दाखवा, करून घ्या.