टॉमीला जोर लागला की थांबायचं: ट्यूबचा टायर हातानं बदलताना

हडपसरच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो, तिथे आयटीआय करून आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात टायर खोलायला बसवतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, जोर किती लावायचा?" स्प्लेंडरच्या मागच्या 18 इंची टायरला फूटभर लांबीची टॉमी, म्हणजे टायर रिमवरून उचलायची लोखंडी पट्टी, एका हातानं वळली पाहिजे. दोन्ही हात लावून, अंग टाकून ती वळवावी लागत असेल, तर टायरच्या काठातली तार कुठेतरी चुकीच्या जागी बसली आहे. तिथे जोर वाढवला की ट्यूब कापली जाते किंवा रिमची कड वाकते. नव्या माणसाकडून होणारं बहुतेक नुकसान या एका क्षणी होतं, म्हणून इथे सगळा भर त्याच्यावरच देतो. उदाहरण आपल्या रोजच्या गाडीचं घेऊ: आऱ्यांचं चाक, लोखंडी रिम, आत ट्यूब.

आधी रिम नीट बघा. टायर नसलेली रिम हातात घेतली की दोन्ही बाजूंना उभी कड दिसते, त्या कडेला लागून टायर टेकतो ती सपाट जागा दिसते आणि मधोमध सगळीकडून फिरलेला खोलगा दिसतो. टायरच्या आतल्या काठात पोलादी तारेचं कडं असतं. रबर ताणलं जातं, ते कडं ताणलं जात नाही. आता ते कडं रिमच्या कडेवरून पलीकडे न्यायचं, म्हणजे हातात घट्ट बांगडी भरण्यासारखं काम आहे. बांगडी मोठी होत नाही, हात आवळून तिला वाट करून द्यावी लागते. इथे ती वाट खोलगा देतो. तुम्ही टॉमी लावली आहे त्याच्या बरोबर समोर, चाकाच्या दुसऱ्या टोकाला, तार खोलग्यात उतरली पाहिजे. तिथे ती जेवढी खाली जाते, जवळजवळ तेवढी सैल तुमच्या बाजूला मिळते. समोर तार सपाट जागेवरच बसलेली असेल तर तुमच्या बाजूला काहीच सैल नाही, आणि टॉमी त्या पोलादी कड्याशी झुंजत राहते.

ट्यूब कापते म्हणजे नक्की काय होतं, ते एका गाडीवरून सांगतो. एक गृहस्थ सकाळी गाडी ढकलत घेऊन आले. आदल्या संध्याकाळी दुसरीकडे मागची ट्यूब नवीन टाकून घेतली होती, रात्री हवा ठीक होती, सकाळी चाक जमिनीला टेकलेलं. त्यांना वाटलं, ट्यूबच खराब निघाली. ट्यूब काढून, हवा भरून पाण्यात धरली तर बुडबुडे दोन जागांहून येत होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा दोन चिरा, एकमेकींच्या शेजारी, ट्यूबच्या बाजूच्या अंगावर, म्हणजे तारेजवळ येणाऱ्या भागात. ट्यूब तिथे दुमडून बघितली तर दोन्ही चिरा एकमेकींवर बरोबर बसल्या. म्हणजे ट्यूबची घडी टॉमीच्या टोकाखाली आली आणि दोन्ही थर एकदम कापले गेले. अशी चीर लगेच फुटतेच असं नाही. कधी ती अर्धवट असते आणि ट्यूब ताणली गेल्यावर हळूहळू उघडते, त्यामुळे दोष ट्यूबवर जातो. खिळ्याचं पंक्चर वेगळं दिसतं: एकच भोक, ट्यूबच्या बाहेरच्या, रस्त्याकडच्या अंगाला. हवा कमी असताना खड्ड्यात आपटलेल्या ट्यूबलाही दोन छेद पडतात, पण बहुधा त्यांच्यात रिमच्या रुंदीएवढं अंतर असतं आणि गाडी आपटल्याचं चालकाला आठवत असतं. हा फरक ओळखायला शिका, कारण कारण न शोधता दुसरी ट्यूब टाकली तर तीही त्याच रस्त्यानं जाते.

त्याच गाडीवर टायर कसा खोलला ते बघा. चाक जुन्या टायरवर आडवं ठेवलं. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर हे विसरूच नका, उघड्या फरशीवर चाक ठेवून त्यावर गुडघा दिला की डिस्क वाकते. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली आणि वॉल्व्हचा नट काढला. वॉल्व्हला लागून येणाऱ्या टायरच्या जागेवर खडूनं खूण केली, म्हणजे ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरमध्ये खिळा कुठे शोधायचा ते कळतं. मग टायरच्या दोन्ही बाजू पायानं दाबत चाकाभोवती फिरायचं, तार कडेपासून सुटेपर्यंत. काठावर साबणाचं पाणी सोडलं की हे पटकन होतं. हातोडा मारू नका, तो घसरला की थेट रिमवर बसतो.

पहिली टॉमी वॉल्व्हच्या जवळ लावायची. कारण साधं आहे: वॉल्व्हचं बूड खोलग्यात जागा अडवतं, तिथे तार खाली जात नाही. म्हणून तार खाली जायची बाजू वॉल्व्हच्या समोरची ठेवायची आणि उचलायची बाजू वॉल्व्हकडची. टॉमीचं टोक तारेखाली अडकेल एवढंच आत घाला, अंगठ्याच्या नखाएवढं पुरतं. त्याहून आत गेलं तर ते ट्यूबवर जातं. दुसरी टॉमी चार-पाच सेंटिमीटरवर. नवी मुलं लवकर संपवायच्या नादात वीतभर अंतर सोडतात, मग प्रत्येक घासाला जोर लागतो आणि त्या जोरानं रिमच्या कडेवर खाच पडते. टॉमीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा ऑइलच्या प्लॅस्टिक डब्याची पट्टी ठेवली तर क्रोमवर ओरखडा येत नाही. लोखंडी रिमचं क्रोम एकदा उडालं की पुढच्या पावसाळ्यात त्या जागी गंज धरतो. स्क्रूड्रायव्हर या कामाला कधीच वापरू नका. त्याचं टोक अरुंद आणि धारदार असतं.

ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून हात फिरवायचा, पण सावकाश आणि जाड कापडानं. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या गाड्यांच्या टायरमध्ये लेथवरच्या लोखंडी किसाचे तुकडे सापडतात, गावाकडच्या रस्त्यावरून आलेल्या गाड्यांमध्ये बाभळीचे काटे. बाहेरून काटा तुटलेला असतो, टोक आत उरलेलं असतं. मग रिम टेप बघा. ती सरकली असेल तर आऱ्यांची टोकं उघडी पडतात, आणि त्यांतलं एखादं टोक निपलच्या वर आलेलं असेल तर कानशीनं घासून सपाट करा. आऱ्यामुळे पडलेलं भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला असतं. त्या गृहस्थांच्या गाडीत या दोन्ही गोष्टी ठीक होत्या, त्यामुळे चिरा टॉमीच्याच हे पक्कं झालं.

आता चढवणं. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेनं. रिकाम्या टायरची पहिली तार साबणाच्या पाण्यावर बहुतेक वेळा पायानंच आत जाते. मग ट्यूब. तिच्यात आधी थोडी हवा भरायची, ती गोल होईल आणि घड्या उलगडतील एवढीच. पूर्ण रिकामी ट्यूब लोंबते आणि तिची घडी तारेखाली येते. जास्त हवा भरली तर फुगून तीच तारेखाली घुसते. ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर चोळली तर ती टायरच्या आत चिकटत नाही, सरकून आपली जागा घेते. वॉल्व्ह भोकातून बाहेर काढून नट दोन-तीन आटे फिरवून ठेवा, आवळू नका.

दुसरी तार चढवायला वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करायची आणि वॉल्व्हशी संपवायचं. सुरुवातीचा भाग हातानं आत जातो. तो आत गेला की त्यावर गुडघा ठेवा. तुम्ही दोन्ही बाजूंनी पुढे सरकत असता तेव्हा मागे सुरुवातीची तार हळूच खोलग्यातून वर चढते आणि लक्षातच येत नाही. गुडघा तिला खाली धरून ठेवतो.

शेवटचा वीतभर भाग उरला की टायर अडतो. इथेच थांबायचं. टॉमी खाली ठेवा. समोरच्या टोकाला जाऊन दोन्ही हातांनी टायर दोन्हीकडून आवळा, तार खोलग्यात ढकला आणि तसंच आवळत आवळत वॉल्व्हकडे या. अडलेली जागा पुन्हा सैल झालेली दिसेल. मग दोन्ही टोकांकडून तीन-तीन सेंटिमीटरचे घास घ्या. टॉमी उभी होईपर्यंतच वळवा. त्यापुढे नेली तर तिचं आतलं टोक फिरून ट्यूबमध्ये रुततं, आणि त्या गृहस्थांच्या ट्यूबवरच्या चिरा अशाच पडल्या असाव्यात. टॉमी वळताना लोखंडाचा सरळ विरोध न लागता रबरी, उसळता विरोध लागला तर टोकाखाली ट्यूब आहे असं समजा. टॉमी काढा, बोटानं ट्यूब आत सारा, पुन्हा लावा. शेवटच्या घासाच्या आधी वॉल्व्ह आत, टायरच्या पोटाकडे ढकला. त्याच्या बुडाजवळची जाड ट्यूब तारेखालून वर उचलली जाते. ही एक सवय लावून घेतलीत तरी वॉल्व्हजवळ चिमटलेल्या ट्यूब जवळजवळ थांबतील.

हवा भरण्याआधी चाकाभोवती पूर्ण फिरा. टायर अंगठ्यानं बाजूला दाबून तार आणि रिम यांच्यामध्ये बघा. काळी ट्यूब डोकावली तर ती चिमटलेली आहे. चाक उलटं करून दुसऱ्या बाजूलाही बघा. मग थोडी हवा भरा, चाक जमिनीवर हलकं आपटा, पिन काढून हवा सगळी सोडा आणि पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात राहिलेली सुरकुती दुसऱ्या भरण्यात सुटते. टायरच्या बाजूला रिमजवळ एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती आत बुडालेली असेल तर तार तिथे वर आलेली नाही. हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. शेवटी गाडीच्या स्टिकरवर जेवढी सांगितली आहे तेवढी हवा ठेवा.

हे सगळं ट्यूबच्या टायरसाठी आहे. ट्यूबलेसच्या अलॉय रिमवर हीच टॉमी चालवू नका. तिथे हवा तार आणि रिम यांच्यातल्या सांध्यानं धरलेली असते, मऊ अलॉयवर पडलेल्या एका खाचेतूनही ती गळू शकते. शिवाय तार जागेवर धरायला रिमवर उंचवटा असतो, त्यामुळे ती नुसत्या पायानं सुटतही नाही. ते काम मशीनवाल्याकडे पाठवा.

वॉल्व्हचा नट मी रिमवर आवळून ठेवत नाही, वर टोपीजवळ नेऊन ठेवतो. टायर रिमवर सरकला तर ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि वॉल्व्ह तिरका होतो. नट आवळलेला असेल तर वॉल्व्ह सरळच दिसतो आणि बुडाशी ट्यूब फाटते. गिऱ्हाइकाला एवढं सांगून पाठवा: चार-आठ दिवसांनी वॉल्व्हकडे बघा, तो तिरका दिसला तर हवा कमी आहे, गाडी परत घेऊन या.