पाहुणं कुत्रं: पहिले तीन दिवस

वाचवलेलं कुत्रं काही आठवडे सांभाळायला आणलंत, तर पहिले तीन दिवस त्याला अख्खं घर दाखवू नका. एकच कोपरा द्या. जळगावच्या उन्हात मोरीजवळची थंड फरशी उत्तम. आमच्याकडची भुरी आल्या दिवशी कोठीमागे भिंतीकडे तोंड करून बसली, वाटीला शिवलीसुद्धा नाही. एखादा दिवस हे चालतं. वाटी वीस मिनिटांनी उचला, ठरल्या वेळी पुन्हा ठेवा. पाणी मात्र कायम. जवळ बसा, पण हात लावायची घाई नको. शी-शूला पट्टा लावून दरवेळी त्याच जागी न्या. भुरीनं दुसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर भात आणि उकडलेलं चिकन खाल्लं, कांदा-लसूण न घातलेलं. पिल्लाला मात्र उलट्या किंवा रक्ताची हगवण झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.