आगाऊ पैसे आले म्हणजे विक्री झाली नाही

अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीत माझी पहिली ठळक चूक अशी. एका ग्राहकाने 100 नगांची ऑर्डर दिली, दर नगाला 1,000. सोबत 30,000 आगाऊ पाठवले. बँकेत रक्कम दिसली आणि मी बँक नावे, विक्री जमा अशी नोंद करून मोकळा झालो. पैसे आले म्हणजे विक्री, इतकं सरळ वाटलं होतं.

महिनाअखेरीआधी 60 नग रवाना झाले. मी 60,000 चं बिल केलं, ग्राहक नावे, विक्री जमा. झालं! विक्री 90,000 दिसू लागली आणि ग्राहकाकडून येणं पुरे 60,000.

हे पकडलं वरिष्ठांनी, तेही नफ्याच्या टक्क्यावरून. नगाची किंमत आम्हाला 700 पडायची, म्हणजे 60 नगांचा खर्च 42,000. नेहमी 30 टक्क्यांच्या आसपास असणारा ढोबळ नफा त्या ऑर्डरवर 53 टक्के दिसत होता. "एवढा नफा कुठून आला रे?" म्हणाले. मला उत्तर देता येईना.

मग त्यांनी नोंदी फिरवून दाखवल्या. आगाऊ रक्कम येते तेव्हा बँक नावे, ‘ग्राहकाकडून आगाऊ’ खातं जमा. हे देणं आहे, कारण माल अजून आपल्याकडेच आहे आणि ऑर्डर रद्द झाली तर एकतर पैसे परत करावे लागतील, नाहीतर करारातल्या अटींप्रमाणे हिशोब करावा लागेल. 60 नग निघाल्यावर 60,000 ची विक्री, आणि त्याच दिवशी 42,000 साठ्यातून काढून विकलेल्या मालाच्या खर्चात. ही दुसरी नोंद नवखे हमखास विसरतात.

उरला प्रश्न आगाऊ रकमेचा. आमच्या करारात ती प्रत्येक बिलात प्रमाणात वळती करायची होती, म्हणून 60 टक्के, म्हणजे 18,000, ‘आगाऊ’ खात्यातून ग्राहकाच्या खात्यात नेले. येणं राहिलं 42,000 आणि आगाऊचं देणं 12,000. करारात ‘आगाऊ आधी पूर्ण वळवावी’ असं असतं, तर येणं 30,000 आलं असतं. विक्री मात्र दोन्हीकडे 60,000 च.

आता महिनाअखेरीस मी ‘आगाऊ’ खात्याची यादी ऑर्डरनिहाय काढतो. माल पूर्ण गेला तरी शिल्लक दिसली, तर वळती करायची राहिलेली असते. खात्यात नावे बाकी आली, तर रक्कम बहुधा दोनदा वळती झालेली असते किंवा माझ्यासारखी विक्रीत गेलेली असते.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. माल गेटाबाहेर पडला की विक्री, हे फक्त मालाचा ताबा आणि जोखीम तिथेच ग्राहकाकडे जात असतील तर. करारात ‘ग्राहकाच्या गोदामात पोहोच’ असेल, तर वाटेतला माल आपल्याच साठ्यात राहतो आणि विक्रीची तारीख पोचपावतीवरून ठरते. म्हणून बिलाला हात लावण्याआधी मी ऑर्डरच्या अटींचं पान उघडतो.