जुनी पेटी विकायची जाहिरात लिहिताना मी काय चुकलो

जळगावला जुनी वाद्यं घेऊन विकायला लागलो तेव्हा पहिल्या पेटीच्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, "42 पट्ट्या, डबल रीड खर्ज-नर, स्केल परफेक्ट, आवाज गोड". ती अमळनेरकडच्या एका भजनी मंडळाने घेतली आणि चौथ्या दिवशी फोन आला, "दादा, तुमनी पेटी आमना कीबोर्डसंगे जुयत नही." पैसे परत दिले, भाडंही माझंच गेलं. पण त्यांच्यासमोर खोटा ठरलो ते अजून टोचतं, कारण मी मुद्दाम खोटं काही लिहिलंच नव्हतं.

काय झालं ते नीट सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. माझ्याकडे मी ती पेटी तबल्यासोबत वाजवून बघितली होती आणि एकदम जुळली. जुळणारच ना, तबला पेटीला लावून घेतात, पेटी वर असो की खाली, तबला तिच्या मागे जातो. कीबोर्ड मात्र कंपनीतून 440 वर लावून येतो. परत आल्यावर फोनमधल्या ट्यूनर ॲपवर मधल्या सप्तकातली पांढरी 6 धरली तर 434 आली, म्हणजे 24 सेंट खाली. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये 100 सेंट असतात, म्हणजे जवळजवळ पाव पट्टीचा फरक, एकटं वाजवताना कळत नाही पण सोबत वाजवलं की लगेच खुपतो.

आता घाबरू नका, पेटी खाली असणं हा दोष नाही. जुन्या पेट्या अशा भरपूर मिळतात आणि नुसत्या तबला-टाळावर भजन करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. दोष वेगळा असतो. मी सगळ्या पट्ट्या एकेक करून मोजल्या, बहुतेक 22 ते 26 सेंट खाली, म्हणजे आपसात जुळलेल्या, पण वरच्या सप्तकातली काळी 3 एकटी 38 खाली. ती पट्टी बेसूर, तिची रीड दुरुस्त करावी लागते. या दोन गोष्टी जाहिरातीत वेगवेगळ्या लिहा, एकात कालवू नका.

मोजताना फक्त नरचं बटण उघडा, दोन्ही रीड एकदम बोलल्या तर ॲप गोंधळतं. भाता सावकाश आणि एकसारखा चालवा, जोरात मारला की सूर थोडा उतरतो, आणि मग तुम्ही चांगल्या पेटीला वाईट म्हणून बसता. ज्या काकांकडे मी रीड घासायला शिकलो ते नुसत्या कानाने सांगायचे. तो कान यायला वर्षं जातात, तोपर्यंत ॲप वापरायला लाजू नका. दुसऱ्याच्या जाहिरातीतून वाक्यं उचलायचा शॉर्टकट मात्र मला अजिबात पटत नाही, ते वाक्य दुसऱ्याच पेटीबद्दल असतं.

आणि "स्केल" हा शब्द जपून वापरा. तबल्याला, बासरीला स्केल असतो. साध्या पेटीला "काळी 1 ची पेटी" लिहिण्यात अर्थ नाही, तिच्यावर कुठूनही सा धरता येतो. स्केल चेंजर असेल तरच किती जागांवर सरकते आणि प्रत्येक जागी सगळ्या पट्ट्या बोलतात का ते लिहायचं.

भात्याचं सोपं आहे. सगळी बटणं बंद करून हवा भरा आणि भाता बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग बटणं उघडून, पट्टी न दाबता परत मोजा. पहिल्यांदा टिकला आणि दुसऱ्यांदा पटकन बसला तर हवा पट्ट्यांखालून जातेय, भाता ठीक आहे. दोन्ही आकडे लिहा.

"गोड" शब्द मी सोडूनच दिला. त्याच पेटीची दुसरी जाहिरात अशी लिहिली:

"साडेतीन सप्तक, खर्ज-नर. पांढरी 6 = 434, कीबोर्डसोबत जुळणार नाही, तबल्यासोबत चालेल. वरची काळी 3 बेसूर आहे. बटणं बंद असताना भाता 40 सेकंद, उघडी असताना 25. खर्ज भरदार, वरचा आवाज बारीक, खालच्या दोन पट्ट्या कमी हवेत उशिरा बोलतात. गवसणी आहे, बॅग नाही. एका कोपऱ्याला पॉलिश गेलंय."

सोबत फोनवरचं रेकॉर्डिंग दिलं, आधी नुसता नर, मग दोन्ही, प्रत्येक पट्टी एकदा, इको न टाकता. मुक्ताईनगरकडच्या एका नानांनी घेतली, फोनवर एकच विचारलं, काळी 3 किती खाली आहे.

एक राहिलं, मोजल्याची तारीख टाका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड सुकतं, आणि माझ्या दुसऱ्या एका पेटीचा फेब्रुवारीत 40 सेकंद टिकणारा भाता मे अखेर 18 वर आला होता, तर गिऱ्हाईक यायच्या सकाळी परत मोजून आकडा बदला.