काजूगराच्या क्लोजिंग स्टॉकचं ऑडिट करताय? या चुका टाळा

जून उजाडला की आर्टिकल मंडळी फाईल आणून टेबलावर ठेवतात. स्टॉकच्या पानावर एकच ओळ असते: काजूगर ८०० किलो, दर ६००, रक्कम ४,८०,०००. खाली टिक आणि ‘मॅनेजमेंट सर्टिफिकेट घेतलं’. गणपतीच्या आधी फाईल बंद करायची घाई मला कळते, मलाही गावी जायचं असतं, पण कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यातल्या काजू कारखान्याचा स्टॉक असा एका ओळीत बसतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळा गर एकाच दराने धरायचा आणि मग एनआरव्हीची टेस्टही सगळ्या ढिगाची एकदम करायची. समजा १०,००० किलो बी घेतली, भाजणं-फोडणं-सोलणं सगळं धरून, टरफलाचे पैसे वजा जाता १५ लाख खर्च आला आणि २,५०० किलो गर निघाला. सरासरी पडली ६०० रुपये किलो. पण त्या गरात १,६०० किलो अख्खा आहे, जो ८०० ने जातो, ५०० किलो पाकळी आहे, जी ६८० ने जाते आणि ४०० किलो तुकडा, ज्याला ४५० मिळतात. ३१ मार्चला पाकळी संपलेली, शिल्लक ५०० किलो अख्खा आणि ३०० किलो तुकडा. विकायचा खर्च, म्हणजे दलाली, पॅकिंग, भाडं, किलोमागे २५ धरा.

आता आर्टिकल काय करतो? अख्ख्याचे ७७५ ने ३,८७,५०० आणि तुकड्याचे ४२५ ने १,२७,५००, एकूण एनआरव्ही ५,१५,०००. कॉस्ट ४,८०,०००. कॉस्ट कमी, म्हणजे कॉस्टच धरा, विषय संपला. अरे बाबा, एएस २ मध्ये तुलना आयटमवार करायची आहे. सारख्या वस्तू एकत्र धरायची सवलत आहे, पण ती जिथे वेगळी तपासणी व्यवहारात जमतच नाही तिथे. इथे प्रत्येक ग्रेडचा डबा वेगळा, बिलावर दर वेगळा, बऱ्याचदा घेणाराही वेगळा. मग अख्ख्यावरचा न झालेला नफा तुकड्याच्या तोट्यावर पांघरूण म्हणून कसा घालता येईल? अख्खा कॉस्टला ३,००,०००, तुकडा एनआरव्हीला १,२७,५००, स्टॉक होतो ४,२७,५००. म्हणजे ५२,५०० रुपये हवेत होते.

हे एका कारखानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “सायबा, काजू तो काजू, तुकडो झालो म्हणून काय शेंगदाणो झालो?” त्याच्या चहाला मी नाही म्हणालो नाही, पण ॲडजस्टमेंटही सोडली नाही.

दुसरी चूक, एप्रिलचं एक बिल बघून एनआरव्ही पास करायची. बॅलन्स शीटनंतरची विक्री हा चांगलाच पुरावा असतो, पण बिल म्हणजे विक्री नव्हे. वेंगुर्ल्याकडच्या एका कारखान्यात ३०० किलो तुकड्यासाठी एप्रिलचं बिल दाखवलं, दर ६१०. बाजारात ४५० च्या वर कोणी हात लावत नव्हतं, त्यामुळे नवल वाटलं. पार्टीचा पत्ता बघितला तर मालकाच्या भावाचाच. ई-वे बिल मागितलं, नाही. ट्रान्सपोर्टची पावती नाही, बँकेत पैसे आलेले नाहीत. मग गोडाऊनला गेलो, तर मार्चच्या काऊंट शीटवर जे लॉट नंबर लिहिले होते तेच डबे त्याच कोपऱ्यात. जूनचा सेल्स रजिस्टर उघडला तर पूर्ण बिलाची क्रेडिट नोट पडलेली. तेव्हापासून माझी सवय अशी की एप्रिल-मेचं बिल घेतलं की त्यासोबत पैसे आल्याची नोंद आणि आपण बसलोय त्या दिवसापर्यंतच्या क्रेडिट नोटा बघायच्या, आणि नातेवाईकाच्या फर्मचं बिल असेल तर ते बाजूला ठेवून तिऱ्हाईत व्यापाऱ्याचं मागायचं. अर्धा तास जातो. बिलावर टिक मारायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून सगळे तेच करतात.

पडून राहिलेला माल शोधताना लोक सॉफ्टवेअरचा एजिंग रिपोर्ट प्रिंट करून फाईलला लावतात आणि ‘१८० दिवसांवरचा माल नाही’ असं लिहून मोकळे होतात. तो रिपोर्ट माल आत आल्याची तारीख बघतो. जुना तुकडा नव्या पाऊचमध्ये भरला, स्टॉक जर्नल टाकलं, की तो माल रिपोर्टमध्ये आजच जन्मला. एका गोडाऊनमधून दुसऱ्यात नेला आणि नोंद नीट केली नाही तरी तेच होतं. मी गेल्या मार्चची काऊंट शीट सोबत नेतो आणि तेच लॉट आजही आहेत का ते बघतो, शिवाय शेवटच्या तिमाहीतली रिपॅकिंगची जर्नल्स वेगळी काढतो. आणि कृपा करून डबा उघडायला लावा. आपल्याकडे एक पावसाळा काढलेल्या गराला दमट हवा लागली की तो मऊ पडतो, खवट वास येतो, कीड दिसते, त्याला ताज्या तुकड्याचा ४५० दर कोण देणार? त्याची एनआरव्ही वेगळी काढायची. सगळ्या जुन्या मालावर सरसकट दहा टक्के कापणं हा आळस आहे, त्यामागे जुन्या मालाच्या खऱ्या विक्रीचे दर दाखवता आले तरच चालेल.

कच्च्या बीचा भाव मेमध्ये पडला म्हणून बीचा स्टॉक खाली आणू नका. त्या बीतून निघणारा गर कॉस्टला किंवा वर विकला जाणार असेल तर बी कॉस्टलाच राहते.

कारखाना बंद होता त्या महिन्यांचं भाडं-पगार स्टॉकच्या कॉस्टमध्ये कोंबू नका, स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा. लिफो चालत नाही, हे अजून सांगावं लागतं.

आता पद्धतीतल्या सातत्याचं. वरच्याच उदाहरणात तुकडा एनआरव्हीला आणायला लावला की हुशार अकाऊंटंट म्हणतो, आम्ही खर्च वजनावर न वाटता विक्रीमूल्यावर वाटतो. एकूण विक्रीमूल्य १८ लाख, खर्च १५ लाख, म्हणजे प्रत्येक ग्रेडची कॉस्ट तिच्या विक्रीदराच्या पाच षष्ठांश. तुकडा पडतो ३७५ ला, अख्खा साधारण ६६६.६७ ला, स्टॉक होतो ४,४५,८३३. तुकड्यावर तोटाच दिसत नाही, आणि स्टॉक ४,२७,५०० पेक्षा १८,३३३ ने वर. गंमत म्हणजे तो चुकीचं बोलत नाही. एकाच प्रक्रियेतून निघणाऱ्या, किमतीत इतका फरक असलेल्या मालासाठी विक्रीमूल्यावर वाटप हीच जास्त योग्य पद्धत, एएस २ मध्येही तिचं उदाहरण आहे. खोट एवढीच की ही आठवण तोटा निघाल्याच्या दिवशी झाली.

अशा वेळी भांडत बसू नका, मागच्या दोन वर्षांच्या स्टॉक शीट काढा. तिथे सगळ्या ग्रेडला एकच दर असेल तर हा पॉलिसीतला बदल आहे. मग एएस ५ प्रमाणे बदलाचं कारण आणि त्याचा परिणाम, इथे १८,३३३, नोट्समध्ये आलाच पाहिजे, आणि ३सीडीच्या क्लॉज १४ मध्ये गेल्या वर्षीचं वाक्य कॉपी-पेस्ट करून चालणार नाही. क्लायंटकडून लेखी घ्या की पुढच्या वर्षीही हीच पद्धत राहील, आणि ते पत्र पर्मनंट फाईलला लावा, चालू वर्षाच्या फाईलला नको. पुढच्या वर्षी अख्ख्याचा भाव चढला की हाच अकाऊंटंट पुन्हा वजनावर यायला बघणार, आणि तोपर्यंत आर्टिकल बदललेला असतो.