राखाडी स्क्रीनवरचा न हलणारा बार

पीएलसी, स्काडा, टॅग, अलार्म एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. बडोद्यात मकरपुऱ्याला एखाद्या ऑटोमेशनवाल्याकडे लागलात की पहिलं काम बहुधा ऑपरेटरची स्क्रीन रेखाटायचं मिळतं, कारण ते सोपं असतं असा सगळ्यांचा समज आहे. मला मात्र नवी स्क्रीन काढायला घेतली की अजूनही धास्ती वाटते.

रंगांचं थोडक्यात सांगतो. पार्श्वभूमी फिकट राखाडी, पाइप गडद राखाडी, चालू पंप पांढरट, बंद पंप काळपट आणि शेजारी शब्दांत स्थिती. लाल-पिवळा फक्त अलार्मसाठी, आणि त्यालाही वेगळा आकार व प्राधान्याचा आकडा, कारण काही जणांना लाल-हिरव्यातला फरक कळतच नाही. आयएसए-101 हे 2015 चं मानक वाचा, पण त्यात रंगांचा तयार तक्ता शोधू नका. ते कामाची पद्धत सांगतं, रंग तुमचे तुम्हीच ठरवून लिहून ठेवायचे असतात. चकचकीत टाक्या आणि गरगर फिरणारे पंखे असलेली तयार लायब्ररी वापरू नका. पाहुण्यांना ती आवडते, रात्रपाळीच्या डोळ्यांना नाही.

खरी मेख पुढे आहे. सगळं राखाडी करून, नीटनेटके बार लावून दिलेली स्क्रीनसुद्धा आंधळी असू शकते. नंदेसरीच्या एका प्लँटवर रात्रपाळीचे ऑपरेटरकाका अशाच स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले होते, "साहेब, आ बार तो हलतो ज नथी." शब्दशः खरं होतं ते.

का, ते आकड्यांत बघा. समजा रिॲक्टरचं तापमान नेहमी 82 ते 88 अंशांत असतं, अलार्म 92 ला आणि ट्रिप 98 ला. ट्रान्समीटरची रेंज 0 ते 200. आपण टॅग ओढून बारवर टाकतो आणि सॉफ्टवेअर तीच रेंज उचलतं. बार 200 पिक्सेल उंच असेल तर एका अंशाला एक पिक्सेल मिळतो. तापमान 85 वरून 91 वर गेलं, म्हणजे अलार्मच्या दारात आलं, तरी बार जेमतेम 6 पिक्सेल सरकतो. दोन मीटरवर बसलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नाही. तोच बार 75 ते 100 वर बांधा. आता एका अंशाला 8 पिक्सेल, आणि तोच बदल 48 पिक्सेलचा होतो. 82 ते 88 चा पट्टा मागे किंचित गडद छटेत दाखवा, म्हणजे निशाणी पट्ट्याबाहेर गेलेली आकडा न वाचताही कळते.

ट्रेंडला उलटा आजार होतो. ऑटोस्केल चालू ठेवलं की शांत प्रक्रियेतली अर्ध्या अंशाची थरथर पूर्ण उंची व्यापते, आणि 6 अंशांची खरी चढणही तेवढीच उंच दिसते. आठवडाभरात ऑपरेटर ट्रेंडकडे बघणं सोडतो, आणि त्याचं काही चुकत नाही. ट्रेंडला बारचंच स्केल द्या आणि कालावधी तासाभराचा ठेवा. मिनिटाला अर्धा अंश चढत असेल तर 85 वरून 91 ला 12 मिनिटं लागतात. तासाच्या ट्रेंडवर ती चढण स्वच्छ दिसते, आठ तासांच्या ट्रेंडवर नुसता टोकाशी खिळा उभा राहतो.

घाबरू नका, ही दुरुस्ती एका दुपारची आहे. फक्त सुरुवातीच्या वेळी तापमान 30 असताना निशाणी तळाला चिकटून बसेल. तिथे 'स्केलबाहेर' अशी खूण हवी, नाहीतर ते 75 आहे असं वाटेल. चालू-बंद करतानाची स्क्रीन वेगळी काढलेली बरी.

तापमानाच्या शेजारी कूलिंग व्हॉल्व्हच्या आउटपुटचा बार लावाच. कंट्रोलर चांगला असेल तर तापमान 85 वरच राहतं आणि व्हॉल्व्ह मात्र 40 टक्क्यांवरून 85 टक्क्यांवर जातो. बिघाडाची पहिली चाहूल तिथे लागते. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 2005 साली 15 माणसं गेली. त्याच्या चौकशीत एक गोष्ट अशी निघाली की युनिटमध्ये येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह वेगवेगळ्या स्क्रीनवर होता.

तपासायचं असेल तर हिस्टोरियनमधून जुन्या गडबडीचा डेटा काढा, तो नव्या स्क्रीनवर चालवा आणि ऑपरेटरला मध्येच विचारा, काय बिघडतंय? तुमच्या साहेबांना विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. माझ्या मते या कामातले खरे गुरू रात्रपाळीवालेच.

आणि स्केलचे आकडे स्क्रीनमध्ये हाताने टाकू नका, टॅगला जोडा. पुढच्या वर्षी कोणी नेहमीची वरची मर्यादा 88 ची 86 करेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल आणि पट्टा जुन्याच जागी राहील.