संस्थेमार्फत घेतलेले फीचे कर्ज : या चुका टाळा

सॉफ्टवेअर, डेटा सायन्स, डिजिटल मार्केटिंग किंवा स्पर्धा परीक्षांच्या खासगी वर्गात प्रवेश घेताना फी एकरकमी भरता येत नाही, असे म्हटल्याबरोबर समोरचा काउन्सेलर हप्त्यांची सोय सांगतो. मोबाइलवर एक लिंक येते, आधार आणि पॅनची माहिती भरली जाते, सेल्फी घेतला जातो, दोन-तीन ओटीपी सांगितले जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत प्रवेश पक्का होतो. विद्यार्थी किंवा त्याचे पालक आपण संस्थेला हप्त्याने फी देत आहोत, या समजुतीने घरी जातात. प्रत्यक्षात त्या वेळात दोन वेगळे करार झालेले असतात. एक करार शिकवण्याचा, संस्थेशी केलेला. दुसरा करार कर्जाचा, ज्या बिगरबँक वित्तीय कंपनीचे नाव अनेकांनी त्या दिवशी नीट वाचलेलेही नसते, तिच्याशी केलेला. पुढे होणारे बहुतेक नुकसान हे दोन करार एकच आहेत असे मानल्यामुळे होते.

हप्ते संस्थेला जातात असे समजणे

डिजिटल कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेचा सर्वसाधारण नियम असा आहे की कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे. मात्र ठरावीक कारणासाठी दिलेल्या कर्जाला अपवाद आहे आणि अशा कर्जाची रक्कम अंतिम लाभार्थ्याच्या खात्यात थेट पाठवता येते. फीच्या कर्जात हा लाभार्थी म्हणजे प्रशिक्षण संस्था. त्यामुळे कर्जदार विद्यार्थी किंवा पालक असले, तरी पैसे त्यांच्या हाताला लागत नाहीत, आणि पूर्ण अभ्यासक्रमाची फी वर्ग नुकते सुरू झालेले असतानाच संस्थेकडे पोहोचलेली असते. बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात फी साधारणपणे सत्रागणिक किंवा वर्षागणिक सोडली जाते, म्हणून शिक्षण मध्येच थांबले तर पुढची रक्कम सुटतच नाही. ते संरक्षण येथे नाही.

कर्ज झाले आहे की नाही, हे ओळखणे अवघड नाही. बँकेच्या खातेउताऱ्यात हप्त्यासमोर कोणत्या कंपनीचे नाव दिसते ते पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल काढला, तर त्यात हे कर्ज स्वतंत्र नोंद म्हणून दिसते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल किंवा त्याला उत्पन्न नसेल, तर बहुधा आई किंवा वडील कर्जदार असतात, आणि तेव्हा थकबाकीची नोंदही त्यांच्याच नावावर होते.

पहिल्या दिवसांतली संधी दवडणे

कर्ज देण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे पत्रक देणे कर्जदात्यावर बंधनकारक आहे. त्यात मुद्दल, वार्षिक टक्केवारीतला एकूण खर्च, दंड आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील असतो. याच पत्रकात कर्जातून विनादंड बाहेर पडण्याची मुदतही दिलेली असते. २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांनुसार ती किमान एक दिवस असते आणि कंपनी तिच्या धोरणानुसार अधिक देऊ शकते. या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा प्रमाणशीर खर्च भरून बाहेर पडता येते. पत्रकात आधी सांगितले असेल तर वाजवी प्रक्रिया शुल्क मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते. अडचण अशी की मुद्दल संस्थेकडे गेलेले असते. म्हणून या मुदतीत संस्थेला प्रवेश रद्द करण्याचा आणि कर्जदात्याला कर्ज रद्द करण्याचा ईमेल एकाच दिवशी पाठवावा. ‘आधी चार लेक्चर बसून बघा, मग ठरवा’ हा काउन्सेलरचा सल्ला ऐकताना ही मुदत केव्हा संपते, हे स्वतः पत्रकात पाहिले पाहिजे.

वर्ग सोडला म्हणजे कर्ज संपले असे मानणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. समजा, पुण्यातील एका संस्थेत दहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, फी १,५०,००० रुपये आहे आणि ‘शून्य व्याजाने’ दहा हजारांचे पंधरा हप्ते ठरले आहेत. कर्जदाती कंपनी व्याज विद्यार्थ्याकडून घेत नसली, तरी ते संस्थेकडून घेते. म्हणजे संस्थेला प्रत्यक्षात, समजा, १,३५,००० रुपयेच मिळतात. तीन महिने शिकून आणि तीन हप्ते भरून विद्यार्थी वर्ग सोडतो. कर्जदात्याच्या वहीत १,२०,००० रुपये बाकी आहेत, आणि शिकवणे थांबले या कारणाने त्यातला एक रुपयाही आपोआप कमी होत नाही.

सात महिन्यांचे शिक्षण घेतलेलेच नाही, म्हणून प्रमाणानुसार १,०५,००० रुपये परत मिळायला हवेत. संस्थेने ते कर्जदात्याकडे जमा केले, तर बाकी पंधरा हजार उरते आणि विद्यार्थ्याने एकूण पंचेचाळीस हजार, म्हणजे तीन महिन्यांची फी, भरलेली असते. हा न्याय्य हिशेब आहे. पण संस्था बहुधा दोन गोष्टी पुढे करते. एक, ‘आम्हाला १,३५,००० मिळाले, म्हणून परतावा त्यावरच.’ तसे झाले तर परतावा ९४,५०० होतो आणि विद्यार्थ्याच्या डोक्यावर २५,५०० उरतात. म्हणजे ज्या व्याजाला शून्य म्हटले होते, त्यातला वाटा त्याच्याकडून वसूल होतो. दोन, ‘सात दिवसांनंतर फी परत मिळणार नाही,’ हे प्रवेशअर्जातले वाक्य. म्हणून सही करण्यापूर्वी दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत : प्रवेशअर्जातील परताव्याचे कलम आणि कर्जाच्या पत्रकात दाखवलेले मुद्दल.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. ही तत्त्वे राज्यांनी लागू करण्यासाठी असल्याने केवळ त्यांच्या आधारावर दावा टिकेल असे समजू नये, पण पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख अवश्य करावा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या निर्णयात महाविद्यालयांसारख्या शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले, मात्र कोचिंग संस्थांना त्या कायद्याच्या कक्षेत मानले. म्हणून ‘फी परत मिळणार नाही’ हे छापील वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

खात्यात पैसे न ठेवणे

राग आला की अनेक जण खाते रिकामे ठेवतात. हे करू नये. हप्ता परत गेला की बँक आणि कर्जदाता दोघेही शुल्क लावतात, पतअहवालात थकबाकीचे दिवस वाढत जातात. शिवाय इलेक्ट्रॉनिक मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी, अपुऱ्या शिलकीमुळे परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, धनादेश न वटण्यासारखीच, फौजदारी तक्रार होऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर हे प्रकरण पुढे जात नाही, म्हणून अशी नोटीस फेकून देऊ नये. मँडेट लेखी अर्ज देऊन बँकेत रद्द करता येते, पण त्यामुळे फक्त आपोआप होणारी वजावट थांबते, देणे तसेच राहते. माझे मत असे की परवडत असेल तोवर ‘वाद कायम ठेवून’ असे ईमेलमध्ये लिहून हप्ता भरावा आणि भांडण कागदावर लढावे. ज्यांना परवडतच नाही त्यांनी किमान हप्ता चुकण्यापूर्वी कर्जदात्याला लेखी कळवावे.

‘लोन बंद केले’ या तोंडी शब्दावर विसंबणे

संस्थेचा माणूस असे सांगतो, पण महिनाभराने पुन्हा हप्ता कापला जातो. कारण संस्थेने परतावा मंजूर करणे आणि तो कर्जदात्याच्या खात्यात पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जदात्याचे ना हरकत पत्र आणि शून्य बाकीचा खातेउतारा हातात येईपर्यंत कर्ज चालू आहे असेच धरावे. परतावा स्वतःच्या खात्यात आला, तर तो दुसरीकडे न वळवता त्यातून कर्ज मुदतीपूर्वी फेडावे.

संस्था बंद पडल्यावर फक्त संस्थेच्या मागे धावणे

जानेवारी २०२५ मध्ये ‘फिटजी’ या आयआयटी प्रवेशपरीक्षेच्या कोचिंग संस्थेची उत्तर भारतातील अनेक केंद्रे ऐन अभ्यासवर्षात अचानक बंद झाली, तेव्हा आगाऊ फी भरलेल्या पालकांनी पोलिसांत धाव घेतली. पोलिस तक्रार योग्यच आहे, पण तिने कर्जाचा हप्ता थांबत नाही. फी कर्जाने भरलेली असेल, तर दुसरी बाजूही त्याच आठवड्यात सांभाळावी लागते.

आधी पुरावा गोळा करावा : शेवटचा वर्ग कोणत्या तारखेला झाला, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय कळवले गेले, कुलूपबंद केंद्राचे छायाचित्र, लॉगिन बंद झाल्याचा स्क्रीनशॉट, पावती, कर्जकरार. नंतर कर्जदात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्यात सेवा कोणत्या तारखेपासून बंद आहे ते सांगून, संस्थेकडून प्रमाणशीर रक्कम परत मागवावी आणि वादग्रस्त हप्ते थांबवून पतअहवालात थकबाकी दाखवू नये, अशी मागणी असावी. संस्था किंवा मधली ॲप कंपनी कर्जदात्याची मध्यस्थ म्हणून काम करत असेल, तर तिच्या वागण्याची जबाबदारी कर्जदात्याला झटकता येत नाही. हाच मुद्दा ईमेलमध्ये ठळकपणे मांडावा. कर्ज देताना चुकीची माहिती दिली गेली असेल, उदाहरणार्थ ‘हे कर्ज नाही’ असे सांगितले असेल, तर तेही लिहावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तेथे कर्जदात्याच्या सेवेतली त्रुटी पाहिली जाते. वर्ग चांगला होता की वाईट, हे लोकपाल ठरवत नाही. तोच वाद आधीच न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा. जिल्हा ग्राहक आयोगात संस्था आणि कर्जदाता दोघांनाही प्रतिवादी करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीबरोबरच वसुली थांबवण्यासाठी अंतरिम आदेशाचा अर्ज करावा. तो मिळेलच असे नाही, पण न मागता तर मिळणारच नाही. संस्था दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल, तर तिच्याविरुद्धचे दावे स्थगित होतात आणि जाहीर सूचनेतील मुदतीत ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे आपला दावा नोंदवावा लागतो. ही स्थगिती संस्थेसाठी असते. कर्जदाता विद्यार्थ्याकडे मागणी करू शकतो.

या काळात वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि कर्जाच्या ॲपला फोनमधली संपर्कयादी वाचण्याची परवानगी नाही. नातेवाइकांना फोन जात असतील तर त्याची वेगळी तक्रार करावी. वाद मिटल्यावर दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून पाहावा. चुकीची नोंद राहिली असेल तर पतमाहिती कंपनीकडे दुरुस्ती मागावी. ती तीस दिवसांत झाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.